क्रीडादिनासाठी शाळेचं मैदान मागताना: प्राचार्यांना लिहिलेल्या पत्राची गोष्ट

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा पहिल्यांदाच सगळ्या वाड्यांतल्या मुलांचा एकत्र क्रीडादिन झाला. मंडळाची सचिव म्हणून मैदान मिळवायचं काम माझ्याकडे आलं. याआधी मी कुठल्याच संस्थेला असं पत्र लिहिलेलं नव्हतं. नमुना म्हणून मिळालेल्या पत्रांत "मैदान उपलब्ध करून द्यावे ही नम्र विनंती" याच्या पलीकडे काहीच नसायचं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. आपल्याकडे डिसेंबर ते मे कुठल्या ना कुठल्या गावात मैदानाची गरज पडतेच.

पंचायतीजवळचं मैदान आम्ही आधी पाहिलं होतं. जानेवारीतल्या रविवारी तिथे अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा ठरलेल्या होत्या. शिवाय ते रस्त्याला लागून आहे, कुंपण नाही आणि जवळ शौचालयही नाही. पाच-सहा वर्षांची मुलं धावणार असतील तर कंपाउंड आणि फाटक असलेलं मैदान हवंच, यावर मंडळात सगळ्यांचं एकमत झालं. गावातल्या शाळेचं मैदान तसं आहे. शाळा अनुदानित आहे, म्हणजे ती एका संस्थेची आहे आणि मैदानाची मालकीही संस्थेकडे आहे. उच्च माध्यमिक जोडलेलं असल्यामुळे शाळेला प्राचार्या आहेत. नुसतं हायस्कूल असतं तर पत्र मुख्याध्यापकांच्या नावे गेलं असतं. शाळा सरकारी असेल तर निर्णय शिक्षण खात्यात कोणाच्या टेबलावर होतो, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्यावं.

पत्राला हात घालण्याआधी मी शारीरिक शिक्षणाच्या सरांना भेटले, आणि याचा खूप उपयोग झाला. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर ते मैदानावरच होते. सोबत टेप होती, ती धरून आम्ही दोघांनी मैदान मोजलं. लांबी 85 मीटर, रुंदी 50 मीटरच्या आसपास. माझ्या यादीत 100 मीटरची शर्यत होती. सरांनी मला मैदानाच्या टोकाला नेऊन चिऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवायला सांगितलं.

"ताई, पोर पूर्ण वेगात येणार. थांबणार कुठे?"

धावपट्टीच्या शेवटच्या रेषेपुढे थांबायला किमान 17 मीटर मोकळी जागा हवी, असं ते म्हणाले. स्पर्धांच्या मोजमापात तेवढी सोडतात. म्हणून मोठ्या मुलांची शर्यतही 60 मीटरची ठरली. रेषेपुढे 18 मीटर जागा सोडली, तरी मागे सुरुवातीला उभं राहायला पुरेशी जागा उरली. एका धावपट्टीची रुंदी 1.22 मीटर धरतात, म्हणजे सहा पट्ट्यांना साडेसात मीटरही लागत नाहीत. ही मोजमापं पत्रात जशीच्या तशी लिहा, असं सरांनी सुचवलं. मुलांच्या सुरक्षेचा विचार आधी झालाय, हे प्राचार्यांना एका ओळीत दिसतं.

त्यांनी तारखेबद्दलही सांगितलं. शाळेचा स्वतःचा वार्षिक क्रीडा महोत्सव डिसेंबरच्या मध्यावर, मग नाताळची सुट्टी. जानेवारीचा दुसरा रविवार शाळेला मोकळा आणि संक्रांतीच्या आधीचा, म्हणून 12 जानेवारी 2025 ठरवली. एक तारीख पर्यायी म्हणून 19 जानेवारीही धरली.

त्यानंतर माणसांचा आकडा. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. मंडळात कोणी म्हणालं दोनशे लिही, कोणी म्हणालं पाचशे लिही म्हणजे कार्यक्रम मोठा वाटेल. हे दोन्ही मला पटले नाहीत. प्राचार्यांना आकडा कशासाठी हवा असतो, याचा विचार केला की उत्तर मिळतं. किती माणसं शौचालय वापरणार, किती दुचाक्या फाटकाबाहेर लागणार, काही झालं तर किती लोकांना एका फाटकातून बाहेर काढायचं, याचा अंदाज त्यांना बांधायचा असतो. त्यासाठी दिवसभराची एकूण हजेरी पुरत नाही, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं असतील ते सांगावं लागतं.

आम्ही वाड्यावाड्यांतून आधी नावं घेतली. पाच ते आठ वर्षांची 38 मुलं, नऊ ते बाराची 54, तेरा ते सोळाची 42, असे 134 स्पर्धक झाले. रस्सीखेचीला मोठ्या माणसांचे आठ संघ, प्रत्येकात आठ जण, म्हणजे 64. स्वयंसेवक 18. लहान गटातल्या प्रत्येक मुलासोबत एक पालक, म्हणजे आणखी 38. इतर प्रेक्षक साधारण 60 धरले. बेरीज 314, पत्रात "सुमारे 320" लिहिलं. मग वेळापत्रक हातात घेतलं. लहान गटाच्या शर्यती आणि बक्षिसं साडेनऊपर्यंत उरकून त्या मुलांना पालकांसोबत घरी पाठवायचं, आणि रस्सीखेचीच्या संघांना दहाला बोलवायचं. तसं केलं तर 76 माणसं गेल्यावरच 64 येतात, आणि गर्दीच्या वेळीही मैदानावर 250 पेक्षा जास्त माणसं नसतात. कार्यक्रमाचा क्रम त्या आकड्यामुळे ठरला, हे मला आवडलं.

पत्र मराठीत लिहिलं आणि एका पानात बसवलं. मजकूर असा होता:

दिनांक: 25 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. प्राचार्या

विषय: रविवार, दि. 12 जानेवारी 2025 रोजी गावातील मुलांच्या क्रीडादिनासाठी शाळेचे मैदान मिळण्याबाबत.

महोदया,

आमच्या मंडळातर्फे गावातील 5 ते 16 वयोगटातील मुलांसाठी वरील दिवशी सकाळी 7 ते दुपारी 1 या वेळेत क्रीडादिन घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी शाळेचे मैदान, तसेच आदल्या दिवशी, शनिवारी सायंकाळी 4 ते 6 या वेळेत आखणीसाठी मैदानात प्रवेश मिळावा, ही विनंती. 12 तारीख शक्य नसल्यास 19 जानेवारी चालेल.

अपेक्षित उपस्थिती: दिवसभरात सुमारे 320. एका वेळी जास्तीत जास्त 250. त्यांपैकी नोंदणी झालेली मुले 134.

खेळ: 60 मीटर धावणे (शेवटच्या रेषेपुढे 18 मीटर मोकळी जागा सोडून), लंगडी, लगोरी, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, रस्सीखेच. रस्सीखेच धावपट्टीबाहेर, मैदानाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात होईल.

शाळेकडून लागणारी मदत: तळमजल्यावरील शौचालये, नळाचे पाणी आणि फाटक उघडण्यासाठी एक कर्मचारी. वर्गखोल्या, वीज व फर्निचर लागणार नाही.

आमची व्यवस्था: 18 स्वयंसेवक, त्यांपैकी दोघे फाटकावर व दोन महिला शौचालयाजवळ. प्रथमोपचारासाठी गावातील एक परिचारिका व पेटी. तातडीच्या वेळी 108. पिण्याचे पाणी 20 लिटरच्या कॅनमधून, स्टीलच्या पेल्यांसह. वाहने कंपाउंडबाहेर देवळाच्या पटांगणात. कार्यक्रम संपल्यावर एका तासात मैदान व शौचालयांची सफाई.

शाळेच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई मंडळ करील. शाळा सांगेल ती अनामत रक्कम भरण्यास आम्ही तयार आहोत.

सोबत: वेळापत्रक, मैदानाचा हातांनी काढलेला नकाशा, स्वयंसेवकांची यादी.

आपली विश्वासू,
सचिव

खाली अध्यक्षांची आणि माझी सही, दोघांचे फोन नंबर, मंडळाचा शिक्का.

पत्र घेऊन मी सोमवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या ऑफिसात गेले. मधल्या सुट्टीच्या आसपास जाऊ नये, तिथे तेव्हा मुलांचीच गर्दी असते. हेडक्लार्कनी पत्र आवक नोंदवहीत चढवलं. मी दोन प्रती नेल्या होत्या, त्यांतल्या एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून परत मिळाली. ती प्रत जपून ठेवावी. पुढे फोन करताना "आमचं एक पत्र दिलंय" म्हणण्यापेक्षा क्रमांक सांगितला की फाइल लगेच सापडते.

प्राचार्या मॅडमनी त्याच दिवशी पाच मिनिटं दिली. त्यांनी पत्र वाचलं, नकाशा उलटून पाहिला आणि टाकीतल्या पाण्यापासून सुरुवात केली. तळमजल्यावरच्या शौचालयांना एक हजार लिटरची टाकी आहे, आणि रविवारी पंप चालत नाही. माणशी पाच लिटर धरले तरी 250 माणसांना साडेबाराशे लिटर लागतात, आणि माणसं एकदाच थोडी जातात. मला सुचलं नसतं असं काही त्या सांगत होत्या, म्हणून मी लिहून घेत होते. यावर उपाय सोपा निघाला. शनिवारी सायंकाळी शिपाईकाकांनी टाकी पूर्ण भरायची आणि रविवारी नऊला पुन्हा पंप लावायचा. त्यांना रविवारी यावं लागणार, त्याचे पाचशे रुपये मंडळाने द्यायचे.

मग लाउडस्पीकर. पत्रात मी त्याचा उल्लेख केला नव्हता, त्याचं कारण त्यांनी विचारलं. शाळेभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतं आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. प्राचार्यांनी हो म्हटल्याने ती मिळत नाही. आम्ही शिट्ट्या, रंगीत झेंडे आणि वेळापत्रकाचा मोठा फलक यांवर काम चालवायचं ठरवलं होतं, असं मी सांगितलं. शांतता क्षेत्रात ढोल-ताशाही चालत नाही, हे त्यांनी आवर्जून बजावलं, कारण आमच्याकडे बक्षिसाच्या वेळी ढोल आणायची हौस सगळ्यांनाच असते. "हे 'लाउडस्पीकर व वाद्ये वापरणार नाही' असं एका ओळीत लिहून द्या," असं त्या म्हणाल्या. मी तिथेच पत्राच्या दोन्ही प्रतींवर ती ओळ लिहून सही केली.

त्यांच्या बाजूने संमती होती, पण शेवटचा शब्द संस्थेच्या व्यवस्थापन समितीचा. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते. तेव्हापासून वाट पाहणं सुरू झालं. घरी सगळे रोज विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी होती, त्या आठवड्यात ऑफिसात फोन करून काही उपयोग नव्हता. बैठकीची तारीख हेडक्लार्कना विचारून घेतली आणि तिच्या दुसऱ्या दिवशीच फोन केला. मधल्या काळात बक्षिसं विकत घेतली नाहीत आणि मंडपवाल्याला आगाऊ पैसे दिले नाहीत. फक्त तारीख सांगून ठेवली.

13 डिसेंबरला उत्तर आलं. परवानगी होती, पाच अटींसह. दोन हजार रुपये परत मिळणारी अनामत, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नव्हे तर साध्या कागदावर हमीपत्र, आवारात स्वयंपाक करायचा नाही, शाळेच्या भिंतींवर बॅनर लावायचा नाही, आणि पाचवी अट अशी की मैदानात कुठेही खड्डा खणायचा नाही.

पाचव्या अटीने मंडपवाल्याशी बराच वेळ बोलावं लागलं. मंडपाचे बांबू नेहमी जमिनीत हातभर पुरतात. कार्यक्रम झाला की बांबू उपटतात, आणि खड्ड्यावर पायाने माती लोटली की काम झालं असं समजतात. आपल्याकडची जमीन जांभ्याची. वरची लाल माती पावसात बसते, खड्ड्याचा काठ कडक राहतो. जून-जुलैत तिथे पाणी साचतं, त्यावर गवत येतं आणि खाली खोलगट आहे हे दिसत नाही. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना मुलाचा पाय तिथेच मुरगळतो. सरांनी मला मैदानाच्या मध्यावर असा एक जुना खड्डा दाखवला होता. बोट घालून पाहिलं तर खालच्या चिऱ्यापर्यंत जाईल इतका तो खोल होता. शेवटी मंडपवाल्याने सिमेंट भरलेल्या डब्यांत खांब उभे करायचं मान्य केलं. भाडं आठशे रुपयांनी वाढलं, एकूण साडेचार हजार. मी ते आनंदाने दिले. ज्यांना मैदान मागायचंय त्यांनी ही गोष्ट स्वतःहूनच पत्रात लिहावी असं मला वाटतं, कारण ज्या शाळेचं मैदान खड्ड्यांनी भरलेलं आहे तिथे परवानगी मिळणं सगळ्यात अवघड असतं.

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी आम्ही चारला मैदानात शिरलो. शाळेच्या महोत्सवातल्या फक्कीच्या रेषा अजून पुसट दिसत होत्या. त्यांवरूनच नवी आखणी केली, त्यामुळे मोजमापाचा अर्धा वेळ वाचला. आखणीला चुन्याऐवजी खडूची भुकटी वापरली. न विरलेला चुना मुलांच्या डोळ्यांत किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर गेला तर भाजतो. उन्हाने जमीन दगडासारखी झाली होती, म्हणून धावपट्टीवर सायंकाळी पाइपने हलकं पाणी मारलं. रात्रभरात माती बसते, सकाळी धूळ उडत नाही आणि पडलेल्या मुलाला कमी लागतं. फार पाणी मारलं तर चिखल होतो, पाय टेकवून बघत मारावं.

12 तारखेला सकाळी सातला फाटक उघडलं. शिपाईकाका आमच्याआधीच आले होते आणि टाकी काठोकाठ भरलेली होती. फाटकावर बसलेल्या दोघांनी येणाऱ्या प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला आणि जाताना परत घेतला. त्यामुळे किती आत आहेत ते केव्हाही मोजता येत होतं. एका मुलीचा गुडघा फुटला, परिचारिकेने तो धुऊन पट्टी बांधली, आणि ती दहा मिनिटांनी लंगडीला पुन्हा उभी राहिली. रस्सीखेचीला टाचांचे बूट घालून आलेल्यांना अनवाणी किंवा रबरी चपला घालायला सांगितलं, कारण टाच रुतली की तीच खड्डा करते. रस्सीखेचीचा कोपरा तरीही उकरला गेला. दुपारी तो फावड्याने सारखा करून पाणी मारून पायांनी दाबून घेतला.

साडेबाराला शेवटची शर्यत संपली. सगळे निघाल्यावर आम्ही धावपट्टीच्या एका टोकापासून रांगेत चाललो. लिंबाच्या साली, पोत्यांचे धागे, सेफ्टी पिना, चॉकलेटचे कागद वेचले. पिना मुद्दाम शोधाव्या लागतात, सोमवारी त्याच जागेवर मुलं खेळतात. शौचालयं धुऊन झाल्यावर शिपाईकाकांनी स्वतः पाहिली आणि फाटकाची चावी आमच्याकडून घेतली. मी फोनवर मैदानाचे फोटो काढले, ज्या कोपऱ्यांचे फोटो शनिवारी आखणीआधी काढले होते त्याच कोपऱ्यांचे.

सोमवारी ते फोटो आणि आभाराचं पत्र ऑफिसात दिलं. अनामत शुक्रवारी परत मिळाली. फाटकावर दिलेल्या तुकड्यांवरून एकूण 296 माणसं आली होती, पण साडेदहाला एकदम 258 होती. लहान मुलांचे पालक बक्षीस घेऊन गेलेच नाहीत, ते रस्सीखेच बघत थांबले. आभाराच्या पत्रात हे दोन्ही आकडे लिहिले, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात एका वेळची उपस्थिती 270 धरणार असल्याचंही कळवलं. त्याने शौचालयाच्या पाण्याचा आणि पंपाच्या वेळेचा हिशोब बदलतो, म्हणून हे मॅडमना आधीच कळावं असं मला वाटलं. तो अर्ज ऑक्टोबरमध्ये द्यायचा ठरलाय, म्हणजे समितीच्या दोन बैठका हाताशी राहतात.